पंचेचाळीस जीबीचं स्वयंपाकघर

आधी एक गुणाकार करू. लॅपटॉपचा नेहमीचा पडदा १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असतो, म्हणजे एकूण वीस लाखांहून थोडे जास्त ठिपके. एका ठिपक्याचा रंग नोंदवायला तीन बाइट लागतात. पडद्याचं एक चित्र त्यामुळे साधारण बासष्ट लाख बाइटचं होतं, आणि हलत्या चित्रासाठी अशी तीस चित्रं दर सेकंदाला लागतात. चार मिनिटं पडदा असाच टिपत बसलं, तर जवळजवळ ४५ जीबी माहिती साचते.

ठाण्यातल्या माझ्या एका इंटिरियर डिझायनर मैत्रिणीने डोंबिवलीच्या एका कुटुंबाला नव्या स्वयंपाकघराचा प्रस्ताव पाठवला, तो नेमका असा चार मिनिटांचा पडदा टिपून. आधी नकाशा, मग अंदाजपत्रक, सोबत तिचा आवाज आणि पडद्यावर इकडून तिकडे जाणारा बाण. एवढंच. ती फाइल भरली १९ एमबी. म्हणजे मूळ माहितीच्या दोन हजाराव्या हिश्शाहूनही कमी, आणि तरी ओट्याची मापं स्वच्छ वाचता येत होती. उरलेली माहिती गेली कुठे, या कुतूहलापोटी मी खोदायला लागलो, तर व्हिडिओ आकसवणाऱ्या गणितापासून थेट माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊन पोचलो.

गणिताची युक्ती आपल्या घरोघरी भिंतीवर टांगलेली असते. दुधाचा हिशेब ठेवताना आपण कॅलेंडरवर रोज ‘एक लिटर आलं’ असं लिहीत नाही. ज्या दिवशी आलं नाही त्या दिवशी खाडा मांडतो, जास्त घेतलं तर आकडा लिहितो. बाकीच्या रिकाम्या चौकोनांचा अर्थ ‘नेहमीप्रमाणे’. व्हिडिओचं कोडेक हेच करतं. २००३ साली आलेलं एच.२६४ हे मानक आजही बहुतेक फोन आणि लॅपटॉपवर चालतं. ते चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला विचारतं, मघापेक्षा काही बदललं का? नसेल, तर त्या चौकोनापुरती नोंद ‘मागच्यासारखंच’ एवढीच, आणि ती जवळजवळ फुकट पडते. मधूनमधून एखादं चित्र पूर्ण साठवलं जातं. बाकी सगळा व्हिडिओ म्हणजे फरकांची यादी.

क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा सारखा हलत असतो, गवताचं पातं न् पातं बदलत असतं, म्हणून तिथे ही बचत बेताची होते. नकाशा मात्र जागचा हलत नाही. चार मिनिटांत हलतो तो बाण, आणि बदलतात ती मोजकी पानं. पडद्यावर स्थिर कागद ठेवून त्यावर बोलणं हे कोडेकच्या दृष्टीने सुख आहे.

त्याला त्रास कशाने होतो हेही यातूनच कळतं. लांबलचक पीडीएफ भराभर वरखाली सरकवली, की एकाच वेळी शेकडो चौकोन बदलतात. फाइलला ठरावीक वेगापेक्षा जास्त माहिती लिहायची मुभा नसेल, तर कोडेक तडजोड करतं: आधी अंधूक चित्र लिहितं आणि पडदा थांबल्यावर अर्ध्याएक सेकंदात ते स्वच्छ करतं. अक्षरं सरकताना फिसकटलेली दिसतात आणि मग जागेवर येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बोलणारा मात्र त्या अर्ध्या सेकंदातच ‘हे बघा’ म्हणून पुढे गेलेला असतो.

रंगांचं प्रकरण याहून मजेशीर आहे. या कोडेकच्या रोजच्या वापरात उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक ठिपक्याची वेगळी होते. पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकच. ही चलाखी १९५० च्या दशकातल्या रंगीत टीव्हीपासून चालत आली आहे. आपला डोळा बारीक तपशील उजेडातून ओळखतो, रंगातून नाही, त्यामुळे माणसाचा चेहरा किंवा झाडं दाखवताना ही काटकसर कुणाच्या लक्षात येत नाही. येते ती ऑटोकॅडमध्ये. काळ्या पार्श्वभूमीवर एका ठिपक्याच्या जाडीची लाल, जांभळी, निळी रेघ काढली, तर त्या रेघेत उजेडाचा फरक थोडाच असतो, बहुतेक फरक रंगाचा असतो. आणि रंगच तर चारात एक वाटलेला. रेघ फिकुटते, तिच्यावर लिहिलेलं माप गढुळतं. डिझायनरच्या स्वतःच्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत असतं, म्हणून चूक तिच्या ध्यानातही येत नाही. ही मैत्रीण नकाशा टिपण्याआधी पांढऱ्या पानावर काळ्या रेघांत उतरवून घेते आणि रंग फक्त मोठ्या भरीव जागांना देते: फ्रिजचा चौकोन पिवळा, सिंकचा निळा.

हे झालं यंत्राचं. आता पाहणाऱ्याकडे येऊ.

हात पुढे लांब करून स्वतःच्या अंगठ्याचं नख पाहा. आपल्याला खरोखर स्वच्छ दिसतं ते साधारण तेवढ्या जागेत. बाकीचं दृश्य मेंदू अंदाजाने आणि आठवणीने भरून काढतो. ती चिमूटभर स्वच्छ जागा आपण सेकंदाला साधारण तीन उड्या मारत इकडून तिकडे नेत असतो, आणि प्रत्येक उडीच्या क्षणी डोळा जवळपास आंधळा होतो. समोरचा नकाशा ‘दिसतो’ म्हणजे त्यावर अशा उड्यांची एक वाट काढली जाते. नकाशा ज्याने काढला त्याची वाट घटवलेली असते: आधी दार, मग खिडकी, सिंकचा पाइप, मग फ्रिज. ज्याला तो पहिल्यांदाच मिळाला, त्याची नजर कुठेही उतरते. डोंबिवलीच्या काका-काकूंना आधी हाच नकाशा ईमेलने गेला होता. काकांची नजर पडली खालच्या कोपऱ्यातल्या शीर्षकाच्या चौकटीवर, कारण तिथली अक्षरं मोठी होती. काकूंनी तो पाहून बाजूला ठेवला.

टिपलेल्या पडद्याची खरी करामत ही आहे, असं मला वाटतं. त्यात नकाशा जातोच, पण नकाशा तर कागदावरही जातो. जास्तीचं जे जातं ते म्हणजे डिझायनरच्या नजरेची वाट, तिच्या थांब्यांसकट. ती वाट वाहून नेणारं साधन म्हणजे पडद्यावरचा तो क्षुल्लक बाण.

बाणाची ही ताकद जगाने पहिल्यांदा पाहिली ती ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत. डग्लस एंगेलबार्ट व्यासपीठावर माउस हातात घेऊन बसले होते. त्यांचा संगणक सुमारे पन्नास किलोमीटर दूर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता आणि मायक्रोवेव्ह दुव्याने सभागृहाशी जोडला होता. मागच्या भव्य पडद्यावर संगणकावरचा मजकूर दिसत होता आणि त्याच मजकुरावर मिसळलेला एंगेलबार्टांचा चेहरा. आज पडद्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचा छोटा गोल चेहरा दिसतो, त्याचा हा पूर्वज. माउस, दुवे, दोघांनी मिळून एकच कागद लिहिणं, हे सगळं प्रेक्षकांना नवं होतं. आणि ते समजावायला या माणसाने उदाहरण काय घेतलं? बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी! तासादीडतासाचं ते सादरीकरण आजही पाहता येतं. त्यात मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते त्यांच्या बाणाचं वागणं. तो आधी जागेवर जातो, थांबतो, मग ते बोलतात.

हा क्रम दिसतो तेवढा सोपा नाही. बोलता बोलता बाण फिरवत राहायची हाताला सवय असते. एखाद्या आकड्याभोवती आपण गोल गोल फेऱ्या मारतो, ‘इथे, इथे’ म्हणत. कडेला होणारी हालचाल डोळ्याला आपोआप खेचून घेते. हा स्वभाव आपल्या मर्जीवर नाही. बाण हलत राहिला, तर नजर बाणामागे धावते आणि ज्याच्यासाठी तो हलवला ते माप वाचायचंच राहतं. मैत्रिणीने स्वतःला नियम घालून घेतला आहे: बाण नेला, हात माउसवरून उचलला, मग तोंड उघडलं. पडद्यावर काही न हलणारे असे दोन-तीन सेकंद बोलणाऱ्याला भयंकर लांब वाटतात. पाहणारा तेवढ्यात फक्त वाचून घेतो.

आता त्या चार मिनिटांत काय होतं ते पाहू. घर जुनं, स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फूट. ओटा एका सरळ भिंतीला, फ्रिज दाराला खेटून, त्यामुळे फ्रिज उघडला की दार अडतं. प्रस्ताव असा, की फ्रिज समोरच्या कोपऱ्यात जावा, ओटा एल आकाराचा व्हावा आणि सिंक खिडकीखालीच राहावं, कारण सांडपाण्याचा पाइप हलवायचा तर खालच्या मजल्यावरच्या लोकांचं छत उकरावं लागेल. ठरवणारी माणसं तीन. रोज स्वयंपाक करणाऱ्या काकू, पैशांचे प्रश्न विचारणारे काका आणि पैसे देणारा मुलगा, जो डब्लिनमध्ये असतो. तिघं एका वेळी एका जागी बसणं कठीण. बैठक ज्याच्याशी झाली तो घरी जाऊन इतरांना सांगणार, आणि सांगताना पाइपाचं कारण हमखास गळणार. मग ‘सिंक इकडे का नाही घेतलं?’ हा प्रश्न डब्लिनहून येणार. टिपलेला पडदा तिघांकडे जसाच्या तसा पोचतो, आणि प्रस्तावाच्या बाबतीत मला त्याचा हाच मोठा उपयोग वाटतो: जो बैठकीला नव्हता त्यालाही कारण मूळ माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं.

सुरुवातीच्या वीस सेकंदांत ती काय ठरवायचं आहे ते सांगते: “काकू, तुम्ही दोन गोष्टी सांगायच्या. फ्रिज या कोपऱ्यात चालेल का, आणि कपाटांच्या दारांना लॅमिनेट घ्यायचं की अॅक्रिलिक.” स्वतःची ओळख नाही, कंपनीचं बोधचिन्ह नाही. प्रश्न आधी कानावर पडला, की पुढचं सगळं पाहणारा त्या प्रश्नाच्या नजरेने पाहतो.

मग येते माझी आवडती युक्ती. आताचा नकाशा आणि नवा नकाशा तिने एकाच प्रमाणात काढून एकापाठोपाठच्या दोन स्लाइडवर अगदी एकाच जागी बसवले आहेत. भिंती भिंतींवर, खिडकी खिडकीवर. पहिली स्लाइड दाखवून ती कळ दाबते, आणि पडद्यावर फक्त फ्रिज उडी मारतो व ओट्याला कोपरा फुटतो. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एक शब्दही न बोलता काकूंना कळतं की काय हललं आणि काय हललं नाही.

याच युक्तीने माणसाला प्लुटो सापडला. १९३० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉने आकाशाच्या एकाच भागाची छायाचित्रं सहा दिवसांच्या अंतराने घेतली, २३ आणि २९ तारखेला. दोन्ही काचा एका यंत्रात बसवल्या, जे आलटूनपालटून एकेक काच एकाच जागी दाखवायचं. हजारो तारे जागच्या जागी राहत होते; १८ फेब्रुवारीला त्यांच्यात एक ठिपका इकडून तिकडे उडी मारताना दिसला. दोन काचा शेजारी शेजारी ठेवून तो शोधणं जवळपास अशक्य होतं. आपला डोळा फरक शोधण्यात मंद आहे. पण फरक घडताना पाहण्यात अफाट तरबेज.

मात्र ही जादू एका गोष्टीने तत्काळ मरते. १९९७ साली रोनाल्ड रेन्सिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना अशीच दोन छायाचित्रं आलटूनपालटून दाखवली, फक्त मध्ये सेकंदाच्या बाराव्या हिश्शाइतका कोरा राखाडी पडदा टाकला. तेवढ्याने लोक भलेमोठे बदलही बराच वेळ शोधत बसले. कोऱ्या क्षणी सगळा पडदाच बदलतो, म्हणून नेमका बदल कुठला याचा संकेत त्यात बुडून जातो. आता आठवून पाहा, दोन नकाशे दोन वेगळ्या फाइलींत असले की काय होतं: एक बंद, पांढरा पडदा, दुसरी उघडते, आणि तीही थोड्या वेगळ्या आकारात. तो कोरा क्षण आपण आपल्या हाताने घातलेला असतो. स्लाइडना विरघळत जाण्याचा परिणाम दिला, तरी उडी मारली जाते ती मरतुकडी. म्हणून कसलाही परिणाम न देता सरळ कळ दाबायची.

कोडेकला नेमकं हेच चित्र सर्वांत स्वस्त पडतं, हे पाहून मी चकित झालो. भिंतींचे चौकोन ‘मागच्यासारखेच’, नोंद फक्त फ्रिजची आणि कोपऱ्याची. डोळ्यालाही तेवढंच हवं असतं.

तिसऱ्या मिनिटाला अंदाजपत्रक उघडतं. इथे बहुतेकांचा व्हिडिओ कोसळतो, कारण ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात: ग्रॅनाइट इतके चौरस फूट, डॅडो टाइल्स इतक्या, ट्रॉल्या इतक्या. शिकण्याचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, की पडद्यावर लिहिलेलं तेच शब्दशः वाचूनही दाखवलं तर समजण्यात भर पडण्याऐवजी अडथळा येतो. डोळा आपल्या वेगाने वाचतो, आवाज आपल्या वेगाने येतो, आणि दोघांचा मेळ घालण्यातच पाहणारा दमतो. चित्र दाखवावं आणि त्याबद्दल बोलावं हे जमतं. मजकूर दाखवून तोच मजकूर बोलावा हे जमत नाही.

ती अंदाजपत्रकाच्या बावीस ओळींपैकी बोलते दोन ओळींवर. बाकीच्या ओळी पडद्यावर असतात, हवं तर थांबवून वाचाव्यात. एक्सेल दीडपट ते दुप्पट मोठं केलेलं असतं, कारण काका ते फोनवर पाहणार. खाली एकूण रक्कम, जीएसटी सोडून, ४,६२,०००. मग ती कपाटांच्या दारांच्या ओळीवर बाण नेते आणि थांबते. “काका, ही साठ चौरस फूट दारं आहेत. लॅमिनेटचा दर चौदाशे धरलाय. अॅक्रिलिक घेतलं तर साडेवीसशे होतो.” चौदाशेच्या जागी ती २०५० टाइप करते, आणि खालची रक्कम काकांच्या डोळ्यांदेखत ५,०१,००० होते. एकोणचाळीस हजारांचा फरक कुठून आला, हे वेगळं समजवावं लागत नाही. मग ती आकडा पुन्हा चौदाशे करते आणि रक्कम मूळ जागी उतरते.

कागदावर दोन पर्यायांची दोन अंदाजपत्रकं देता आली असती, आणि काकांनी ती शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहिली असती, कारण वाढलेले एकोणचाळीस हजार आणखी कुठे दडलेत का अशी शंका माणसाला येतेच. एक आकडा हलला की दुसरा हलतो आणि बाकी एकवीस ओळी स्थिर राहतात, हे पाहिल्यावर शंकेला फारशी जागा उरत नाही. फ्रिजच्या उडीसारखंच आहे हे.

चार मिनिटंच का? ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या एका मोठ्या पाहणीत, फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांचा मध्यम टिकाव फार तर सहा मिनिटांचा निघाला. ते विद्यार्थी होते, क्लायंट नव्हते. प्रस्ताव पाहणाऱ्याचा स्वतःचा पैसा त्यात असतो, तो कदाचित जास्त टिकेल. पण माझ्या मते वेळेचं गणित वेगळ्या बाजूने करावं. एका व्हिडिओत दोन निर्णय मावतात. तिसरा घातला, की उत्तर येतं ‘छान आहे, बघतो’, आणि एकही निर्णय होत नाही. विजेच्या पॉइंटचा तिने वेगळा व्हिडिओ केला, नकाशा ठरल्यावर.

टिपण्यासाठी खास काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोज ११ मध्ये `Win + Shift + R` आणि मॅकवर `Shift + Command + 5` दाबलं की पडद्याचा हवा तेवढा भाग टिपता येतो. ओबीएस स्टुडिओ मोफत आहे. लूमसारख्या सेवा टिपून झाल्याबरोबर पाठवायचा दुवा हातात देतात. आवाज मात्र जपावा लागतो. पंखा बंद, आणि माइक असलेली इअरफोनची वायर ओढणीला घासत नाही ना एवढं पाहणं. अडखळणं, ‘थांबा हं’ म्हणणं याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते भलत्याच गोष्टीने. प्रत्यक्ष बैठकीत चुकून एखादा तक्ता अर्धा सेकंद उघडला, तर कुणाला काही कळत नाही. टिपलेल्या पडद्यात तोच अर्धा सेकंद म्हणजे पंधरा चित्रं, आणि त्यातलं कुठलंही एक थांबवून, मोठं करून, पुन्हा पुन्हा पाहता येतं. आपला खरेदीचा दर असलेला स्तंभ, दुसऱ्या क्लायंटच्या नावाची फाइल, ब्राउझरमधल्या टॅबांची नावं, कोपऱ्यात डोकावून गेलेला सुताराचा ‘मॅडम पैसे कधी?’ हा व्हॉट्सअॅप. यावर इलाज एकच: सगळा पडदा न टिपता एकच खिडकी टिपायची, सूचना बंद ठेवायच्या, आणि नफ्याचा स्तंभ लपवून न ठेवता त्या फाइलमधून काढूनच टाकायचा, कारण लपवलेला स्तंभ एका चुकीच्या क्लिकवर उघडतो.

पोचवण्यातही एक खड्डा आहे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल ते अॅप स्वतः पुन्हा आकसवतं. चेहऱ्यांना ते चालतं. १,४०० मधला चार आणि नऊ यांतला फरक मात्र त्यात वाहून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, तर फाइल जशीच्या तशी जाते. आधी स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर पाठवून, साध्या फोनवर, हात लांब धरून पाहावं. अंदाजपत्रकातला लहानात लहान आकडा तिथे वाचता आला तर तो काकांनाही वाचता येईल.

व्हिडिओ पाहिला की नाही, किती टक्के पाहिला, हे काही सेवा दाखवतात. त्यावर फार विसंबू नये. काकूंनी तो काकांच्या फोनवर पाहिला तर त्यांची हजेरी कुठेच लागत नाही. समजलं की नाही हे ओळखायची जास्त खात्रीची खूण म्हणजे येणाऱ्या प्रश्नाला वेळ आणि जागा आहे का. ‘मॅडम, थोडं कमी होईल का?’ हा प्रश्न व्हिडिओ न पाहताही विचारता येतो. काकूंचा निरोप आला तो असा: “दीड मिनिटावर दाखवलंस ना, तिथे मिक्सर कुठे ठेवू? प्लग तर फ्रिजच्या मागे गेला.” हा प्लग डिझायनरच्या नजरेतून सुटला होता. तिची वाट काकूंनी चालून पाहिली आणि वाटेतला दगड त्यांना लागला.

उत्तरादाखल दुसरा व्हिडिओ गेला तो पन्नास सेकंदांचा. तोच नकाशा, त्याच जागी, एक कळ दाबली की प्लग ओट्याच्या एलच्या कोपऱ्यात सरकतो. बाकी काही पुन्हा सांगितलं नाही.

पण आता घरच्या ग्रुपवर दोन व्हिडिओ झाले, आणि काकांनी सुतारालाही एक पाठवून दिला. कुठला, ते सुताराने माप घ्यायला येऊन भिंतीवर जुन्या जागी पेन्सिलने प्लगची खूण केली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून ती प्रत्येक व्हिडिओचं पहिलं वाक्य तारीख आणि क्रमांकाने सुरू करते, नकाशाच्या कोपऱ्यात तोच क्रमांक ठळक लिहिते, आणि दुव्याने पाठवलेला असेल तर नवा जाताच जुना काढून टाकते. शिवाय व्हिडिओत बोललेली प्रत्येक रक्कम सही करायच्या अंदाजपत्रकाशी ताडून घेते. कारण ‘तुम्हीच तर म्हणालात, चिमणीचं फिटिंग धरून’ असं कुणी म्हणालं, तर आता ते वाक्य तिच्याच आवाजात, मिनिट-सेकंदासह, काकांच्या फोनमध्ये असतं.